मार कुठून आला? कोनावरून चारपैकी योग्य हिट रिअॅक्शन क्लिप निवडणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समोर, उजवीकडे, मागे, डावीकडे अशा चार क्लिप तयार आहेत आणि कॅरॅक्टरला मार बसताच त्यातली एक वाजवायची आहे. कोन काढायचा हिशोब चार-पाच ओळींचा आहे आणि तो क्वचितच चुकतो. चुकतो तो त्या हिशोबात घातलेला व्हेक्टर. म्हणून इथली बरीचशी उत्तरे त्या व्हेक्टरविषयीच आहेत. उदाहरणे Unreal मधली आहेत, दुसऱ्या इंजिनात जिथे फरक पडतो तिथे तो सांगितला आहे.

नेमका कोणता कोन मोजायचा?

मार खाणाऱ्याचे तोंड जिकडे आहे ती दिशा शून्य अंश धरायची. त्याच्यापासून मार जिथून आला तिकडे जाणारी रेषा त्या शून्याशी किती अंश करते, हा आपला कोन. वरून पाहिल्यावर उजवीकडचे कोन धन आणि डावीकडचे ऋण, पल्ला -180 ते 180. म्हणजे समोरून आलेला मार 0 च्या आसपास, उजवीकडचा 90, डावीकडचा -90 आणि पाठीवरचा 180 किंवा -180, जे एकच आहे.

"जिथून आला तिकडे" हे शब्द महत्त्वाचे आहेत. मार ज्या दिशेने *जातो* आहे ती दिशा याच्या बरोबर उलट असते. क्लिपची नावे ठेवतानाही हाच गोंधळ होतो. `HitReact_Left` म्हणजे डावीकडून मार बसला, की शरीर डावीकडे कलंडले? अॅनिमेटरने एक अर्थ घेतला आणि प्रोग्रामरने दुसरा, तर दोघांचेही काम बिनचूक असून खेळात मात्र उलटेच दिसते. `HitReact_FromLeft` असे नाव पहिल्याच दिवशी ठेवले की हा प्रश्नच उरत नाही.

कमीत कमी कोड कसा दिसतो?

```cpp
FVector Dir = SourceLocation - Victim->GetActorLocation();
Dir.Z = 0.f;
FVector L = Victim->GetActorTransform()
              .InverseTransformVectorNoScale(Dir);
float Angle = FMath::RadiansToDegrees(FMath::Atan2(L.Y, L.X));
int32 Index = static_cast<int32>((Angle + 405.f) / 90.f) % 4;
// 0 समोर, 1 उजवी, 2 मागची, 3 डावी
```

आधी उंचीतला फरक काढून टाकला, मग व्हेक्टर कॅरॅक्टरच्या स्वतःच्या अक्षांत आणला. Unreal मध्ये X पुढे आणि Y उजवीकडे असतो, म्हणून `Atan2(Y, X)`. Unity मध्ये Z पुढे आणि X उजवीकडे, त्यामुळे तिथे `Mathf.Atan2(l.x, l.z)`. Godot मध्ये पुढची दिशा उणे Z आहे, म्हणून `atan2(l.x, -l.z)`. तिन्हींमध्ये उजवीकडचा कोन धनच येतो.

बरेच जण डॉट प्रॉडक्ट काढून `acos` लावतात. त्यातून 0 ते 180 एवढेच मिळते, डावे-उजवे कळत नाही, आणि त्यासाठी वेगळा क्रॉस प्रॉडक्ट करावा लागतो. शिवाय दशांशातल्या चुकीमुळे डॉट 1 च्या किंचित वर गेला तर साध्या `acos` चे उत्तर NaN येते. NaN शी केलेली लहान-मोठेपणाची प्रत्येक तुलना खोटी ठरते आणि कोड गुपचूप शेवटच्या `else` मध्ये जाऊन पडतो. `Atan2` असताना या वाटेला जायचे कारण नाही.

405 कशासाठी? नुसते 45 मिळवून चालत नाही का?

चालत नाही. C++ आणि C# मध्ये दशांशाचा पूर्णांक करताना अपूर्णांक शून्याच्या दिशेने कापला जातो. डावीकडून -80 अंशांनी मार आला असे समजा. -80 + 45 = -35, भागिले 90 म्हणजे -0.39, आणि कापल्यावर 0. शून्य म्हणजे समोरची क्लिप. अशा रीतीने -135 ते -45 हा अख्खा डावा पट्टा "समोर" ठरतो. -135 च्याही पलीकडे गेलात तर -1 येते आणि अॅरेचा इंडेक्स ऋण होतो. 360 जास्तीचे मिळवले की सगळे आकडे धन राहतात: -80 + 405 = 325, भागिले 90 म्हणजे 3.6, कापून 3, म्हणजे डावी. "आमची डावी क्लिप कधीच वाजत नाही आणि अधूनमधून क्रॅश होतो" अशी तक्रार आली की आधी हीच ओळ पाहावी.

मार कुठून आला हे कशावरून ठरवायचे? `HitResult` मध्ये `ImpactPoint` मिळतोच, तो का नको?

सर्वांत जास्त चुकीच्या क्लिप याच एका निवडीमुळे वाजतात, म्हणून एक उदाहरण आकड्यांनिशी पाहू.

मार खाणारा (400, 250) वर उभा आहे आणि त्याचा यॉ 30 अंश आहे. हल्लेखोर (500, 370) वर आहे. तलवार उजव्या खांद्याला लागली आणि `ImpactPoint` आला (393, 272). मापे सेंटिमीटरमध्ये आहेत, उंची सोडून दिली आहे.

आधी हल्लेखोराची जागा घेऊ. फरक येतो (100, 120). पुढची दिशा (0.866, 0.5) आणि उजवी दिशा (-0.5, 0.866) आहे. त्यांच्याशी डॉट घेतला की पुढे 146.6 आणि उजवीकडे 53.9. कोन 20 अंश. समोरची क्लिप वाजेल, आणि पाहणाऱ्याचीही तीच अपेक्षा असते, कारण हल्लेखोर त्याच्या जवळजवळ पुढ्यात उभा आहे.

आता तोच हिशोब `ImpactPoint` वरून. फरक (-7, 22). पुढे 4.9, उजवीकडे 22.6. कोन जवळजवळ 78 अंश, म्हणजे उजवी क्लिप. समोरून वार झाला आणि माणूस कुणी बाजूने धक्का मारल्यासारखा डावीकडे कोलमडला.

कारण उघड आहे. आघाताचा बिंदू शरीराच्या पृष्ठभागावर, केंद्रापासून जेमतेम 20-25 सेंटिमीटरवर असतो. इतक्या कमी अंतरावर तो बिंदू शरीराचा *कुठला भाग* लागला एवढेच सांगतो, मार *कुठून आला* ते सांगत नाही. पुढे केलेल्या हातावर पाठीमागून गोळी लागली तरी बिंदू समोरच असणार. `ImpactNormal` चीही तीच गत, किंबहुना वाईटच, कारण तो कोलायडरच्या आकारावर अवलंबून असतो.

जवळच्या मारामारीत मूळ म्हणून हल्लेखोराची जागा घ्या. `ImpactPoint` रक्ताचे शिंतोडे, आवाज आणि कोणत्या हाडाला झटका द्यायचा हे ठरवण्यासाठी राखून ठेवा.

गोळी, बाण आणि स्फोट यांचे काय?

गोळी-बाणासाठी आघाताच्या क्षणीच्या वेगाची उलट दिशा घ्यावी, नेमबाजाची जागा नव्हे. बाण हवेत असताना नेमबाज पळून पलीकडे गेलेला असू शकतो, आणि भिंतीवरून उसळून आलेल्या गोळीच्या बाबतीत तर त्याची जागा निरर्थकच. वेग टक्कर होण्याआधीचा हवा. फिजिक्सने टक्कर सोडवल्यावर वाचलात तर तो शून्य किंवा उसळलेला मिळतो. मग समोरचा मार मागचा ठरतो, तेही कधीकधीच, त्यामुळे शोधणे कठीण जाते.

स्फोटासाठी स्फोटाचे केंद्र. ग्रेनेड फेकणारा कुठेही असो.

हल्लेखोर समोर आहे, पण वार आडवा आहे. मग समोरची क्लिप विचित्र दिसते. काय करावे?

तक्रार रास्त आहे. गदा उजवीकडून डावीकडे फिरली आणि समोरच्याच्या गालावर बसली, तर तो मागे न जाता बाजूला फेकला गेला पाहिजे. इथे हल्लेखोराची जागा पुरत नाही, वाराची दिशा हवी.

फ्रेमगणिक हत्याराची जागा मोजून वेग काढण्याचा मोह होतो. तो टाळा. वाराच्या शेवटी मनगट वळते, टोक मागे येते आणि एका फ्रेमच्या फरकाने दिशा भलतीच निघते. त्यापेक्षा प्रत्येक हल्ल्याच्या डेटात एक व्हेक्टर हाताने लिहून ठेवा: हल्लेखोराच्या अक्षांत, वार कुठून येतो. उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या वारासाठी तो (0, 1, 0), म्हणजे हल्लेखोराची उजवी बाजू. आघाताच्या वेळी तो हल्लेखोराच्या ट्रान्सफॉर्मने जगाच्या अक्षांत न्या आणि तिथून मार खाणाऱ्याच्या अक्षांत. दोघे समोरासमोर असतील तर हल्लेखोराची उजवी ती समोरच्याची डावी, आणि "डावीकडून" ही क्लिप आपोआप निवडली जाते. भोसकण्याच्या वाराला हा व्हेक्टर रिकामा ठेवावा आणि हल्लेखोराची जागाच वापरावी.

काही जण दोन्ही दिशा मिसळतात. त्यात एक खड्डा आहे. समोरची दिशा आणि बाजूची दिशा निम्मी-निम्मी मिसळली तर कोन बरोबर 45 अंश येतो, म्हणजे नेमका दोन क्लिपच्या सीमेवर. हल्लेखोर एक पाऊल इकडे-तिकडे सरकला की क्लिप बदलते. मिसळायचेच असेल तर तोल स्पष्ट एकीकडे झुकवा. बाजूला 0.7 आणि समोरला 0.3 दिले तर कोन 67 च्या आसपास येतो आणि निवड स्थिर राहते.

क्लिप उलटसुलट वाजतात. चूक कुठे आहे हे कसे ओळखायचे?

काय वाजते ते नीट लिहून काढले तर चूक बहुतेक वेळा त्यातूनच सापडते. चारही दिशांनी एकेक मार देऊन पाहा.

समोर-मागे आणि डावे-उजवे दोन्ही जोड्या उलट्या असतील तर व्हेक्टर 180 अंशांनी फिरला आहे. वजाबाकीचा क्रम उलटा आहे किंवा वेगाची दिशा उलटवायची राहिली आहे.

समोर-मागे बरोबर आणि फक्त डावे-उजवे उलटे असेल तर बाजूच्या अक्षाचे चिन्ह चुकले आहे, किंवा क्लिपची नावे वर सांगितल्याप्रमाणे दुसऱ्या अर्थाने ठेवली आहेत. एकाच विशिष्ट कॅरॅक्टरबाबत असे होत असेल तर त्याला ऋण स्केल देऊन आरशातला केलेला नाही ना, ते तपासा.

सगळे एक घर सरकले असेल, म्हणजे समोरच्या माराला उजवी क्लिप, उजवीकडच्या माराला मागची, डावीकडच्या माराला समोरची, तर तुम्ही कॅप्सूलऐवजी मेशची पुढची दिशा घेतली आहे. Unreal मधल्या नेहमीच्या मांडणीत मेश कॅप्सूलच्या आत -90 यॉने फिरवून बसवलेला असतो, त्यामुळे मेशचा X अक्ष कॅरॅक्टरच्या डाव्या हाताकडे असतो. `GetMesh()->GetForwardVector()` च्या जागी `GetActorForwardVector()` घ्या. Godot मध्ये आयात केलेले मॉडेल अनेकदा धन Z कडे तोंड करून असते, तिथे याच चुकीचे रूप 180 अंशांचे दिसते.

आणि कॅरॅक्टरचे तोंड एका दिशेला असताना सगळे ठीक, दुसऱ्या दिशेला असताना गडबड, असे असेल तर कुठेतरी दोन यॉ थेट वजा केले आहेत. यॉ 170 आणि हल्लेखोराची दिशा -175 असेल तर वजाबाकी -345 येते, खरा फरक मात्र 15 अंश आहे. `Abs(Angle) > 135` या अटीत 345 बसते आणि समोरच्या माराला मागची क्लिप मिळते. `FMath::FindDeltaAngleDegrees` किंवा Unity चे `Mathf.DeltaAngle` वापरा, नाहीतर वरच्यासारखा व्हेक्टरच फिरवा.

सीमा 45 आणि 135 वरच हव्यात का?

सुरुवात तिथूनच करावी. नंतर क्लिप पाहून सरकवाव्यात. बाजूच्या क्लिपमध्ये शरीर जोरात आडवे जात असेल तर 50 अंशांच्या माराला ती खोटी वाटते, अशा वेळी समोरचा पट्टा ±60 पर्यंत रुंद केला तर बरे दिसते. समोरच्या क्लिपमध्ये शरीर सरळ मागे जाते आणि 55 अंशांच्या माराला ते डोळ्यांना खपते. पट्टे असमान केले की इंडेक्सची ओळ चालणार नाही, साध्या `if` लिहा.

मशीनगनच्या माऱ्यात क्लिप सतत बदलते. थांबवायचे कसे?

शत्रू 45 अंशांच्या जवळपास असला की एक गोळी 44 वर, पुढची 46 वर, आणि समोर-उजवी-समोर अशी थरथर दिसते. उपाय म्हणजे चालू क्लिपच्या पट्ट्याला थोडी सवलत देणे. मागची प्रतिक्रिया सुरू होऊन अर्धा सेकंद झालेला नसेल तर तिचा पट्टा दोन्ही बाजूंनी 10 अंशांनी रुंद धरा. समोरची क्लिप चालू असताना 46 अंशांची गोळी समोरचीच ठरेल, 60 ची मात्र उजवीकडची.

एवढ्याने क्लिपची *निवड* स्थिर होते. तीच क्लिप प्रत्येक गोळीला पहिल्या फ्रेमपासून सुरू झाली तर कॅरॅक्टर गोठल्यासारखा दिसेल, तो वेगळा प्रश्न आहे. त्यासाठी पुन्हा सुरू करण्यावर किमान अंतर ठेवावे लागते.

डोक्यावरून मार आला तर?

उंची काढून टाकल्यावर व्हेक्टरमध्ये काही उरतच नाही. बरोबर शून्य उरले तर `Atan2(0, 0)` शून्य देते आणि समोरची क्लिप वाजते, ते एकवेळ ठीक. पण उरते ते सहसा दोन-चार सेंटिमीटर, आणि त्याची दिशा निव्वळ योगायोगाची असते. आडवी लांबी मूळ लांबीच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा कमी असेल तर कोन विचारूच नये, ठरलेली एक क्लिप वाजवावी. समोरचीच ठेवलेली बरी.

पाय एकीकडे आणि बंदूक धरलेली छाती दुसरीकडे असेल तर तोंड कुठले धरायचे?

क्लिप शरीराच्या ज्या भागावर वाजते त्या भागाचे. पूर्ण शरीराची क्लिप पायांसकट वाजते, म्हणून कॅप्सूलची दिशा. कण्यापासून वरच वाजणारी अॅडिटिव्ह क्लिप असेल तर नेमाच्या यॉएवढा कोन वजा करा. छाती उजवीकडे 70 अंश वळलेली आहे आणि गोळी कॅप्सूलच्या हिशोबाने 80 अंशांवरून आली, तर छातीसाठी ती 10 अंशांवर आहे, म्हणजे समोरच. हे सोडून दिले की गोळी छातीत आणि झटका खांद्याला असे दिसते.

याच प्रश्नाचा जुळा भाऊ: काही खेळांत मार बसताच कॅरॅक्टर हल्लेखोराकडे वळवला जातो. कोन त्या *आधी* मोजा. नंतर मोजलात तर उत्तर नेहमी 0 येईल आणि बाकी तीन क्लिप पडून राहतील.

मल्टिप्लेअरमध्ये प्रत्येक क्लायंटने कोन काढला तर चालेल का?

नको. प्रत्येकाकडे कॅरॅक्टरचे तोंड काही मिलिसेकंद जुने असते, आणि तो भरभर वळत असेल तर एकाला समोरची, दुसऱ्याला डावी क्लिप दिसते. पूर्ण शरीराच्या क्लिपमध्ये रूट मोशन असेल तर दोन पडद्यांवर तो दोन ठिकाणी पोहोचतो. कोन सर्व्हरने एकदा काढावा आणि 0 ते 3 हा इंडेक्स पाठवावा. दोन बिट पुरतात.

हे सगळे तपासायचे कसे?

कॅरॅक्टर मध्ये उभा करा आणि त्याच्याभोवती 16 जागांवरून मार द्या, त्याच्या तोंडाच्या दिशेपासून मोजून दर 22.5 अंशांवर एक. सुरुवात 0 पासून नको, 11.25 पासून करा, नाहीतर 45 आणि 135 च्या नेमक्या सीमेवर जागा येतात आणि निकाल दशांशाच्या शेपटावर अवलंबून राहतो. समान पट्टे असतील तर प्रत्येक क्लिप बरोबर चार वेळा निवडली गेली पाहिजे.

मग कॅरॅक्टरचा यॉ 0 सोडून 90, 137, 180 आणि -170 ठेवून हीच फेरी पुन्हा करा. निकाल दर वेळी 4-4-4-4 यायला हवा, आणि त्याच क्रमाने. फक्त 0 यॉवर तपासलेल्या कोडमध्ये जगाचे आणि कॅरॅक्टरचे अक्ष एकच असतात, त्यामुळे अक्ष बदलण्याची ओळ विसरली तरी सगळे बरोबर दिसते. खेळताना डोळ्यांनी पाहायचे असेल तर `DrawDebugDirectionalArrow` ने दोन बाण काढा, एक तोंडाच्या दिशेचा आणि एक मार जिथून आला तिकडचा, आणि शेजारी कोन व क्लिपचे नाव छापा. कोन बरोबर असून शरीर चुकीकडे जात असेल, तर कोड सोडा आणि क्लिप उघडून पाहा.